नोटीस पिरियड आणि एक ‘किंवा’

नवऱ्याच्या बँकेने बदलीचा आदेश काढला, पुण्याहून राजकोट, १ जूनला हजर व्हायचं. मुलगी सातवीत, जूनमध्ये तिथली शाळा सुरू होणार. मैत्रिणीच्या स्वतःच्या नोकरीचा नोटीस पिरियड मात्र ६० दिवसांचा. राजीनाम्याचा मसुदा घेऊन ती माझ्याकडे आली. पानभर मजकुरात घराची सगळी अडचण मांडली होती आणि शेवटी ‘कृपया नोटीस माफ करावी’ एवढंच होतं. कंपन्यांच्या एचआर विभागात मी बरीच वर्षं काढली आहेत. अशा पत्राला बहुधा ‘बघू’ असं उत्तर येतं, कारण नेमकं काय मंजूर करायचं हेच त्यात नसतं.

मी तिला आधी नियुक्तिपत्र आणायला सांगितलं. त्याच्या ११व्या कलमात लिहिलं होतं : दोन्हीपैकी कोणत्याही पक्षाला ६० दिवसांची पूर्वसूचना किंवा तेवढ्या दिवसांचं वेतन देऊन नोकरीचा करार संपवता येईल. त्यातल्या ‘किंवा’ने तिचं अर्धं काम केलं. पैसे भरून लवकर मोकळं होण्याची वाट करारानेच ठेवली होती, आणि ती कर्मचाऱ्यालाही खुली होती. पुष्कळ नियुक्तिपत्रांत पुढे आणखी एक वाक्य असतं, की नोटीसऐवजी वेतन स्वीकारायचं की नाही हे कंपनी ठरवील. ते वाक्य असेल तर पैसे पुढे केले तरी कंपनी नाही म्हणू शकते, आणि मग पत्राचा सूरही विनंतीचाच ठेवावा लागतो. तिच्या पत्रात ते वाक्य नव्हतं.

मग दिवस मोजले. राजीनामा २ मे रोजी दिला तर दुसऱ्या दिवसापासून मोजून साठावा दिवस १ जुलैला येतो. तिला ३१ मे रोजी सुटायचं होतं. म्हणजे २९ दिवस काम होणार आणि ३१ दिवस उरणार. तिच्या खात्यात १८ दिवसांची अर्जित रजा शिल्लक होती. ती वळती करून घेतली तर प्रश्न फक्त १३ दिवसांचा राहत होता. ६० दिवसांची माफी मागणं आणि १३ दिवसांची मागणं यात वरिष्ठांच्या दृष्टीने फार अंतर असतं. मात्र नोटीसच्या काळात रजा वळती करता येणार नाही, असा काही कंपन्यांचा नियम असतो, म्हणून रजेचं धोरण आधी वाचून घेतलं.

नवीन पत्र अर्ध्या पानाचं झालं. त्याचा गाभा असा :

‘मी आज, २ मे रोजी, पदाचा राजीनामा देत आहे. पतीची राजकोटला बदली झाल्याने कुटुंबाला ३१ मेपर्यंत स्थलांतर करावे लागणार आहे. आदेशाची प्रत जोडली आहे. नियुक्तिपत्राच्या कलम ११ नुसार माझी पूर्वसूचना १ जुलै रोजी संपते. तरी मला ३१ मे रोजी कामकाज संपताना कार्यमुक्त करावे. उर्वरित ३१ दिवसांपैकी १८ दिवस अर्जित रजेतून वळते करावेत व १३ दिवस माफ करावेत. माफी शक्य नसल्यास कलम ११ प्रमाणे त्या दिवसांचे वेतन अंतिम हिशेबातून कापावे. कामाचे हस्तांतरण २८ मेपर्यंत पूर्ण करीन.’

‘माफी शक्य नसल्यास’ हे वाक्य घालायला ती आधी तयार नव्हती. आपणच पैसे का सुचवायचे, असं तिचं म्हणणं. पण त्या वाक्यामुळे समोरच्याला सरळ नकार देणं अवघड होतं, म्हणून मी आग्रह धरला.

कापायचे म्हटले तर किती, हा खरा वादाचा मुद्दा. तिचं मूळ वेतन २७,००० आणि एकूण पगार ५४,००० रुपये. मूळ वेतनावर दिवसाला ९०० धरले तर १३ दिवसांचे ११,७०० होतात. एकूण पगारावर २३,४००. कलमात नुसतं ‘वेतन’ लिहिलं होतं. अशा वेळी अंतिम हिशेब हाती येण्याआधी, ईमेलवरच विचारून घ्यावं.

उत्तर आलंच नाही तर सरळ निघून जावं, असा सल्ला बरेच जण देतात. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ मुळे न्यायालय कुणाला बळाने नोकरीत ठेवत नाही, हे खरं. कंपनी भरपाई मागू शकते, आणि तीही भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी असावी लागते. पण माणूस अडतो तो रिलीव्हिंग लेटरपाशी. पुढची नोकरी देणारा पहिल्यांदा तेच मागतो, आणि परवानगीशिवाय गेलेल्याच्या नावापुढे ‘फरार’ असा शेरा पडला की तो पुसायला महिने जातात. म्हणून तोंडी होकारावर सामान बांधू नये.

तिच्या साहेबांनी तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावून ‘जा तुम्ही, काळजी करू नका’ म्हटलं. तिने जागेवर येऊन लगेच ईमेल केला : आत्ता बोलल्याप्रमाणे ३१ मे ही तारीख मान्य आहे, तर कृपया लेखी कळवावे. ९ मे रोजी एचआरचं उत्तर आलं. १८ दिवस रजेतून वळते, १३ दिवसांचं मूळ वेतन कापलं जाईल, रिलीव्हिंग लेटरवर तारीख ३१ मे. त्याच संध्याकाळी तिने ट्रकवाल्याला आगाऊ रक्कम दिली.