तूर की लाख? फोटोतली तिरकी कड पाहा

नाशिकच्या द्वारका परिसरातल्या एखाद्या घरात महिनाअखेरीला डाळींच्या उरल्यासुरल्या पुड्या एकाच बरणीत रिकाम्या होतात. तूर, हरभरा, मूग, मसूर सगळं एकत्र झालं की मिश्र डाळीचं वरण ठरलेलंच. एखाद्या वेळी त्यात काही दाणे वेगळे दिसतात. मग बरणीचा जवळून फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला जातो. कुणी तूर म्हणतं, कुणी वाटाणा, आणि विदर्भातल्या एखाद्या मावशी विचारतात, ‘लाख तर नाही ना?’

मावशींची शंका रास्त असते. लाख, म्हणजेच लाखोळी किंवा खेसारी, हे विदर्भातल्या धानाच्या बांध्यांत ओलाव्यावर येणारं कडधान्य आहे. त्यात ‘ओडीएपी’ नावाचं द्रव्य असतं आणि ते मज्जासंस्थेला घातक ठरतं. दुष्काळात दुसरं काही नसताना सलग दोन-तीन महिने मुख्य अन्न म्हणून लाखच खाणाऱ्यांचे पाय कायमचे लुळे पडल्याच्या नोंदी मध्य भारतात आहेत. म्हणूनच 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. पुढे कमी विषारी वाणही निघाले, पण डाळीचा दाणा पाहून वाण ओळखता येत नाही. वरणात चुकून चार दाणे गेले म्हणून घाबरायचं कारण नाही. प्रश्न असतो तो महागड्या तुरीत स्वस्त लाख मिसळली जाण्याचा आणि तेच पोतं रोज शिजण्याचा.

फोटोत आपली नजर आधी रंगाकडे जाते आणि तिथेच फसते. बल्बच्या उजेडात फिकट डाळही सोनेरी दिसते. तेल लावलेली तूर चमकते, जुनी तूर मळकट दिसते. त्यामुळे रंगावरून मसूर तेवढी खात्रीने वेगळी काढता येते, कारण ती केशरी आणि पातळ चकतीसारखी असते. बाकीच्यांसाठी आकारच पाहावा लागतो. तुरीचा दाणा फुटला की त्याच्या दोन गोलसर, गुळगुळीत फाका होतात, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर. वाटाण्याची डाळ म्हणजे जवळजवळ अर्धा चेंडू. हरभऱ्याची डाळ मोठी, जाड, खडबडीत असते आणि तिला एका टोकाला चोचीसारखं टोक असतं. मूग त्यामानाने लहान आणि लांबट. लाखेचा अख्खा दाणा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा पाचरीच्या आकाराचा असतो. त्यामुळे तिची डाळ गोल न होता चौकोनी वाटते आणि एका बाजूला उतरती, तिरकी कड दिसते.

पण तुरीचा तुकडाही कोनदारच दिसतो, आणि गफलत होते ती बहुतेक इथेच. तुटलेली कड खडबडीत असते आणि प्रत्येक तुकड्याची वेगळी. लाखेची तिरकी कड मात्र गुळगुळीत असते आणि दाण्यामागून दाण्यात तशीच दिसते. एकच कोनदार दाणा सापडला तर तो बहुधा तुकडा असतो. तशीच उतार असलेले दहा दाणे निघाले, तर शंका घ्यायला जागा आहे.

बरणीच्या फोटोत हे दिसत नाही. काचेच्या वळणाने दाणे ताणले जातात, एकमेकांखाली झाकले जातात, आणि बारीक दाणे तर हलवाहलवीत तळाशी गेलेले असतात. त्यामुळे बरणी आधी हलवावी आणि मूठभर डाळ पांढऱ्या ताटात एकेरी थरात पसरावी. शेजारी रुपयाचं नाणं ठेवावं, म्हणजे मापाचा अंदाज येतो. उजेड खिडकीतून, बाजूने पडलेला हवा. तो वरून पडला तर सावल्या पुसल्या जातात आणि फुगीरपणा दिसेनासा होतो. एक फोटो झाला की दाणे उलटून दुसरा काढावा, कारण सपाट बाजूने पाहिलेली तूर आणि लाख सहज सारख्या भासतात. मग शंभर दाणे मोजून त्यातले संशयित बाजूला काढावेत.

तेवढ्यावर दुकानदाराला दोषी मात्र धरता येत नाही. प्रयोगशाळेत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लासोबत डाळ मंद गरम करतात. लाख असेल तर गुलाबी रंग येतो. पण मेटानिल यलो हा बंदी असलेला रंग लावलेल्या डाळीलाही गुलाबी छटा येते, तीही लगेचच, म्हणून रंग दिसायला किती वेळ लागला हे पाहावं लागतं. हा प्रयोग घरी करू नये. संशयित दाणे आणि उरलेली डाळ वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवून, बिल असेल तर त्यासह, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

हे सगळं डाळ अख्खी असेपर्यंतच. एकदा ती दळून बेसनात गेली की तिरकी कडही गेली, आणि मग पिठाचा फोटो कितीही जवळून काढला तरी त्यात पिवळ्या भुकटीपलीकडे काही दिसत नाही.