पातेलं मोठं, ताक तेवढंच

नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्यांचा संग्रह करणारे एक काका आमच्या ओळखीचे आहेत. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा बहुतेक वेळ त्यातच जातो. मध्यंतरी त्यांना कुणीतरी पेनड्राइव्हवर भरून बरीच गाणी दिली. सगळ्या फाइलींच्या नावापुढे .flac होतं, म्हणजे मूळ ध्वनीतला एकही कण न गमावता साठवलेल्या, ज्यांना लॉसलेस म्हणतात त्या. मी त्यातल्या काही फाइली खोट्या असाव्यात असं म्हणताच काका रागावले. "अरे, तीन मिनिटांच्या गाण्याला वीस-वीस एमबी लागतायत. एमपीथ्रीला तीन लागतात. खोटी फाइल एवढी मोठी कशी असेल?"

काकांसारखाच हिशेब बहुतेक लोक करतात, आणि नकली माल खपतो तो त्यामुळेच. ताक मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून त्याचं दही होत नाही. फ्लॅक हे एक पातेलं आहे. त्यात जे ओताल ते न सांडता जसंच्या तसं ठेवणं एवढंच त्याचं काम, आणि ते ते चोख करतं. ओतलेलं दूध आहे की ताक, याची चौकशी ते करत नाही. एमपीथ्री उलगडून फ्लॅकमध्ये भरली की संगणकाच्या दृष्टीने ती अगदी खरी फ्लॅक असते. फाइल शाबूत आहे का, हे तपासणारी तिची अंतर्गत खूणही जुळते, कारण ती खूण फक्त आत भरलेल्या मालाची असते. तो माल कुठून आला, याच्याशी तिचा संबंध नसतो.

मग ओळखायचं कसं? कानाने ओळखणं अवघड आहे आणि ते आपल्या कानांचा दोष मुळीच नाही. एमपीथ्री बनवणाऱ्यांनी कानाला कळणार नाही तेच आधी टाकायचं, याच तत्त्वावर ती बांधली. मोठ्या आवाजाच्या आड लपणारे बारीक आवाज जातात आणि सर्वांत वरच्या पट्टीतले स्वरही जातात. तरुण माणसाला जेमतेम २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि वय वाढतं तशी ही मर्यादा खाली सरकते. काकांच्या वयाला त्यातला बराच भाग गेलेलाच असतो. डोळ्यांना मात्र ही अडचण नाही. ध्वनीचं चित्र काढलं की कापलेली जागा दिसते.

हे चित्र म्हणजे स्पेक्ट्रोग्राम. डावीकडून उजवीकडे वेळ जातो, खालून वर वारंवारता वाढते आणि जिथे आवाज जोरात आहे तिथे रंग उजळतो. सीडीच्या दर्जाच्या फाइलीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, त्यामुळे चित्राची वरची कड त्याच्या निम्म्यावर, २२.०५ किलोहर्ट्झवर येते. त्यापलीकडचं अशा फाइलीत मावतच नाही.

कुणाच्या फाइलीवर आरोप करण्याआधी एक खोटी फाइल स्वतः बनवून बघावी, असं माझं मत आहे. त्यासाठी भजनातल्या टाळांसारखी उत्तम गोष्ट नाही. हार्मोनियम किंवा तानपुऱ्याचा जोर बराच खाली असतो, पण टाळांचा खणखणाट थेट वरच्या कडेपर्यंत पोचतो. मी अर्धा मिनिट टाळ वाजवून एका छोट्या रेकॉर्डरवर WAV स्वरूपात घेतले. मोबाइलवर करणार असाल तर आधी सेटिंग बघा. अनेक फोन मुळातच काटछाट करूनच आवाज साठवतात आणि मग प्रयोगाची सुरुवातच ताकापासून होते. नंतर संगणकावर या ओळी दिल्या:

```
lame -b 128 taal.wav taal.mp3
lame --decode taal.mp3 parat.wav
flac parat.wav
sox taal.wav -n spectrogram -o asli.png
sox parat.flac -n spectrogram -o nakli.png
```

पहिली ओळ १२८ केबीपीएसची एमपीथ्री बनवते, दुसरी ती उलगडते, तिसरी उलगडलेल्याची फ्लॅक करते. शेवटच्या दोन ओळी असली आणि नकली फाइलींची चित्रं काढतात. मूळची साधारण ५.३ एमबीची फाइल एमपीथ्री झाल्यावर अर्ध्या एमबीहून कमी झाली आणि उलगडल्यावर पुन्हा ५.३ एमबीची! काकांच्या हिशेबाचं उत्तर या आकड्यातच आहे.

दोन चित्रं शेजारी ठेवली की फरक समजावून सांगावा लागत नाही. असली फाइलीत टाळांचा प्रत्येक ठोका उभ्या ज्योतीसारखा वर चढतो आणि कडेपाशी हळूहळू विझतो. नकलीत त्याच ज्योती १६-१७ किलोहर्ट्झच्या दरम्यान एकाच उंचीवर कापल्या जातात आणि वर काळोख. लेम हा प्रोग्राम एमपीथ्री बनवताना ही कात्री कुठे चालणार ते पडद्यावर सांगतोही. माझ्याकडच्या आवृत्तीत १६,५३८ ते १७,०७१ हर्ट्झ असं आलं.

खरी खूण त्या कडेच्या स्वभावात आहे. वर काळोख आहे एवढ्यावरून काही ठरत नाही. वाद्याचा आवाज वर जाताना उतार घेत विरतो, जोरात वाजवलं तर उंच जातो, हळू वाजवलं तर खाली राहतो. कात्रीला संगीताशी देणंघेणं नसतं. मुखडा असो की अंतरा, कड पट्टीने आखल्यासारखी जागच्या जागी राहते.

इथे एक फसगत मी स्वतः करून घेतली आहे. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम उघडला की वरची मर्यादा आधीच ठरवलेली असते. काही आवृत्त्यांत ती ८,००० हर्ट्झ आहे, काहींत २०,०००. म्हणजे चित्राची चौकटच कापलेली आणि आपण फाइलीला दोष देतो, किंवा उलट, २०,००० च्या वर काय आहे हे न बघताच फाइलीला निर्दोष ठरवतो. मर्यादा २२,०५० करावी आणि मोजपट्टी लिनिअर ठेवावी. हे सगळं नको असेल तर स्पेक हा मोफत प्रोग्राम बरा. फाइल त्यावर ओढून टाकली की पूर्ण उंचीचं चित्र समोर येतं.

१२८ केबीपीएसची चोरी अशी लगेच पकडली जाते. ३२० ची चोरी हुशार असते. तिथे कात्री २० किलोहर्ट्झच्या आसपास चालते आणि पुष्कळ अस्सल सीडींचा आवाजही त्याच सुमारास संपतो, कारण ध्वनी आकड्यांत बदलणाऱ्या यंत्रांना कडेच्या अलीकडे चाळणी लावावीच लागते. अशा वेळी मी १६ च्या रेषेकडे बघतो. एमपीथ्रीच्या रचनेत ध्वनीचे पट्टे पाडलेले असतात आणि प्रत्येक पट्ट्याची बारकाई कमीजास्त करायला एक स्वतंत्र कळ असते. साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरच्या शेवटच्या पट्ट्याला मात्र ही कळच दिलेली नाही. तिथे बारकाई राखायची तर सगळ्याच पट्ट्यांवर खर्च वाढवावा लागतो. म्हणून एमपीथ्री बनवणारा प्रोग्राम तंगी आली की वरच्या मजल्याचे दिवे घालवतो. चित्रात १६ च्या खाली रंग सलग भरलेला दिसतो, आणि वर तुकड्यातुकड्यांनी, जणू गोधडीला मध्येमध्ये भोकं. चित्र मोठं करून एखाद्या सेकंदावर आलं तर ही भोकं चौकोनी दिसतात, कारण एमपीथ्री आवाजाचे साधारण १३ मिलिसेकंदांचे तुकडे करून काम करते. निसर्गात अशा चौकटी नसतात.

आता काकांच्या पेनड्राइव्हकडे येऊ. ७८ आरपीएमच्या तबकड्यांत मुळातच वरचे स्वर कमी. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारा मायक्रोफोन येण्याआधी तर गायक कर्ण्यासमोर गायचे आणि वरची पट्टी तबकडीवर फारशी उतरायचीच नाही. मग अशा गाण्याचं चित्र वर रिकामं दिसलं म्हणून नकली कसं म्हणायचं? मीही आधी तिथेच अडलो. गाण्याकडे बघून काही ठरेना, तेव्हा खरखरीकडे बघितलं.

तबकडीवरच्या ओरखड्यावरून सुई गेली की टक् होतं. हा आवाज इतका क्षणिक असतो की त्यात खालपासून वरपर्यंत सगळ्या वारंवारता एकदम असतात. गायकाचा आवाज १९२० साली घेतलेला असेल, पण हा टक् तबकडी वाजवली त्या दिवसाचा, आजच्या यंत्राने टिपलेला असतो. चित्रात तो तळापासून थेट वरच्या कडेपर्यंत जाणाऱ्या बारीक उभ्या रेघेसारखा दिसतो. काकांकडे एकाच तबकडीच्या दोन फाइली होत्या, दोन वेगवेगळ्या लोकांनी दिलेल्या. एकीत या रेघा २२ पर्यंत गेलेल्या. दुसरीत सगळ्या रेघा १६ च्या रेषेवर कापलेल्या, कुंपणाची मेंदी छाटावी तशा. शिवाय ही दुसरी फाइल ९६ किलोहर्ट्झची म्हणून मिरवत होती. तिचं चित्र ४८ किलोहर्ट्झपर्यंत उंच होतं आणि खालचा तिसरा हिस्सा सोडला तर बाकी सगळा काळोख.

तरी एक शंका उरते. जुनं ध्वनिमुद्रण साफ करणारा जाणकारही खरखर कमी करायला वरचा भाग मुद्दाम गाळतो. ते काम सहसा बरंच खाली, हलक्या उताराने केलेलं असतं. सरळ उभी कड, तीही १६ वर आणि सोबत चौकोनी भोकं, अशा तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तरच मी 'नकली' हा शब्द वापरतो. एका खुणेवर तो वापरू नये.

उलट बाजूने, चित्र स्वच्छ आलं म्हणून फाइल निर्दोष ठरत नाही. उच्च दराच्या एएसी फाइलीची कड जवळजवळ वरपर्यंत जाऊ शकते आणि तिची नक्कल चित्रावरून पकडणं फार कठीण जातं. कुणी रिकाम्या जागेत बारीक खरखर मिसळून कात्रीची खूण बुजवली, तरीही पंचाईतच. चित्रावरून दोष सिद्ध करता येतो, सचोटी नाही.

"पण मला १६ च्या वरचं ऐकूच येत नाही, मग काय बिघडलं?" काकांनी विचारलं. ऐकण्यापुरतं काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढे. ही फाइल अस्सल समजून कुणी तिची पुन्हा एमपीथ्री करतं, ती तिसरा कुणी फ्लॅक करतो, आणि दर फेरीत थोडं थोडं जातं, तेही आता कानाला ऐकू येणाऱ्या भागातलं. शेवटी ज्याच्याकडे मूळ तबकडी होती तो ती रद्दीत देतो, कारण 'लॉसलेस कॉपी आहे ना!'

काकांनी त्या दिवशी एकूण चाळीस फाइली माझ्याबरोबर बघितल्या. नऊ नकली निघाल्या, चारांबद्दल ठरवता आलं नाही. नकली त्यांनी पुसल्या नाहीत, कारण त्यातल्या दोन गाण्यांची दुसरी प्रत त्यांच्याकडे नाही. फक्त प्रत्येकीच्या नावापुढे 'एमपीथ्रीवरून' असं लिहून ठेवलं. तुमच्याकडे अशी फाइल निघाली आणि ती पुढे कुणाला दिलीत, तर हा शब्द तिच्या नावात राहू द्या.