चार पावलांचा हिशेब

थ्री-डी प्रिंटरवर सहा तास चाललेला नग मध्येच बाजूला सरकतो. खालचा भाग ठाकठीक असतो आणि एका उंचीपासून वरचं सगळं डावीकडे गेलेलं, भिंत बांधताना गवंड्याचा ओळंबा सुटावा तसं. याला लेअर शिफ्ट म्हणतात. चार शिव्या घालून झाल्या की बहुतेक जण तो नग कचऱ्यात टाकतात. मी आधी त्याला व्हर्नियर लावतो, कारण किती सरकलं यावरून कुणी सरकवलं ते कळतं. माप ०.८ मिलिमीटर येतं, नाहीतर १.६, नाहीतर २.४. मोटर चुकली असेल तर ०.२ किंवा ०.६ असं माप येत नाही.

हिशेब सोपा आहे. मोटरच्या दांड्यावर वीस दात्यांची पुली असते आणि पट्ट्याचे दाते दोन-दोन मिलिमीटरवर असतात. म्हणजे एका फेऱ्यात चाळीस मिलिमीटर. ही स्टेपर मोटर एक फेरा दोनशे पावलांत पुरा करते, तेव्हा एका पावलाला ०.२ मिलिमीटर. मग ०.८ म्हणजे चार पावलं. मोटर एक किंवा तीन पावलं न चुकता नेहमी चारच्या पटीत का चुकते?

त्यासाठी मोटरच्या आत डोकावावं लागतं. मधल्या रोटरवर पन्नास बारीक दाते असतात. भोवतीच्या लोखंडावरही तसेच दाते असतात आणि तिथे कॉइल गुंडाळलेल्या असतात. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमधून निघणारी सहा वायरींची मोटर घेतली, तर तिच्यात चार कॉइल मोजता येतात. त्यांना क, ख, ग, घ म्हणू. क ला करंट दिला की रोटरचे दाते क समोर येऊन थांबतात. क बंद करून ख चालू केली की रोटर पाव दाता पुढे सरकतो. ग, घ आणि पुन्हा क अशी फेरी पुरी झाली की रोटर बरोबर एक दाता पुढे गेलेला असतो, म्हणजे ७.२ अंश. पन्नास दाते गुणिले चार, अशी ती दोनशे पावलं.

आता या कॉइल पाळीपाळीने चालू कोण करणार? त्याचं सगळ्यात साधं यंत्र म्हणजे रिंग काउंटर. खो-खो आठवा. आठ जण बसलेले, एकच पळतोय. तो एकाला खो देतो आणि स्वतः बसतो. रिंग काउंटरमध्ये चार फ्लिप-फ्लॉप असेच ओळीने बसलेले असतात आणि शेवटच्याची वायर पहिल्याकडे परत आणलेली असते. चौघांपैकी एकाकडेच ‘१’ असतो. घड्याळाचा ठोका पडला की तो १ शेजाऱ्याकडे जातो. प्रत्येक फ्लिप-फ्लॉप एका ट्रान्झिस्टरमार्फत एक कॉइल चालवतो. ठोके जितक्या वेगाने पडतील तितक्या वेगाने मोटर पावलं टाकणार.

टेबलावर हे करायला फ्लिप-फ्लॉपसुद्धा जोडावे लागत नाहीत. ठोक्यांसाठी ५५५, पाळीसाठी सीडी ४०१७ आणि कॉइलचा करंट पेलायला यूएलएन २००३, एवढ्या तीन आयसींत काम भागतं. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तिन्ही एकाच दुकानात मिळतील. ४०१७ खरं तर दहापर्यंत मोजतो. त्याचा पाचवा आउटपुट, म्हणजे दहा नंबरची पिन, पंधरा नंबरच्या रिसेटला जोडला की तो चारनंतर पुन्हा पहिल्यावर येतो.

सुटे चार फ्लिप-फ्लॉप वापरले तर एक गंमत होते, आणि ती नवख्याला रात्रभर जागवते. वीज चालू करताना कुणाकडे १ येईल याचा नेम नसतो. कुणाकडेच नाही आला तर ठोके पडत राहतात, शून्य शून्याला खो देत राहतो आणि दांडा हाताने फिरवला तर सैल फिरतो. क आणि ग दोघांकडे आला तर समोरासमोरच्या कॉइल एकमेकींचा जोर मारतात. मोटर जागेवर राहते आणि तापते. म्हणून सुरुवातीला एकाच जागी १ बसवणारं रिसेट द्यावंच लागतं. क आणि ख अशा शेजारच्या दोघींकडे १ आला तर मात्र मोटर नीट चालते, उलट अधिक जोरात. दोन कॉइल मिळून जोर साधारण १.४ पट होतो, अर्थात करंट दुप्पट घेऊन.

ही दोन-दोन कॉइलची चाल मुद्दाम हवी असेल तर दोनच फ्लिप-फ्लॉप पुरतात. दुसऱ्याचा आउटपुट उलटा करून पहिल्याला द्यायचा, याला जॉन्सन काउंटर म्हणतात. दोघांचे सुलटे आणि उलटे आउटपुट धरून चार वायरी मिळतात. दोन बिटांच्या चारच अवस्था शक्य असतात आणि इथे त्या चारही कामाच्या, त्यामुळे चुकीच्या जागी अडकण्याचा प्रश्नच उरत नाही. मला स्वतःला ही जोडणी ४०१७ पेक्षा देखणी वाटते.

चाराचं कोडं आता सुटतं. रोटर कॉइलच्या नेमका समोर असतो तेव्हा तिचा त्याच्यावर जोर नसतो. तो मागे रेंगाळला की ओढ सुरू होते, एक पाऊल मागे असताना ओढ सगळ्यात जास्त असते आणि दोन पावलं मागे पडला की शून्य. त्याहून मागे गेला की जवळचा दाता मागचा ठरतो आणि कॉइल त्याला तिकडेच खेचते. मागचा दाता म्हणजे चार पावलं मागची जागा. रिंग काउंटरला यातलं काही कळत नाही. त्याने ठोके मोजले, मोटर गेली असं धरलं. आजच्या प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये रिंग काउंटरची चिप नसते आणि पावलंही बारीक तुकड्यांत टाकली जातात, पण कॉइलची फेरी तीच असल्यामुळे घसरण चारचीच राहते.

रोटर इतका मागे का पडतो? कारण वेग वाढला की ओढच कमी होते. ओढ करंटवर अवलंबून असते आणि कॉइलमध्ये करंट एका झटक्यात चढत नाही. समजा मोटर १२ व्होल्टची आहे, कॉइल ३० ओहम आणि ३० मिलिहेन्रीची. मग पूर्ण करंट ०.४ अँपिअर, पण त्याच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोचायलाच एक मिलिसेकंद लागतो. एकेक कॉइलची चाल धरली, तर सेकंदाला १०० पावलांवर प्रत्येक कॉइलला दहा मिलिसेकंद मिळतात आणि तिचा सरासरी करंट पूर्णच्या ९० टक्के भरतो. ५०० पावलांवर तो ५७ टक्के होतो, १००० वर ३७. करंट चढतोय न चढतोय तोच खो मिळालेला असतो.

दांड्यावर दोऱ्याचं रीळ लावून वजन टांगलं तर हे डोळ्यांनी दिसतं. मोटर हळू चालताना जास्तीत जास्त ५०० ग्रॅम उचलत असेल आणि आपण २५० ग्रॅम टांगले असतील, तर कागदावर ती सहाशे पावलांच्या थोडी पुढे हरायला हवी. प्रत्यक्षात ती त्याआधीच हरते. फिरता रोटर स्वतः जनित्रासारखा उलटा व्होल्टेज तयार करतो आणि तो वेगाबरोबर वाढतो. शिवाय बंद केलेल्या कॉइलमधला करंट डायोडमधून घुटमळत राहतो आणि रोटरला मागे धरून ठेवतो. म्हणून कागदावरच्या जोराच्या निम्माच वापरायचा, असा मी तरी दंडक पाळतो.

उपाय व्होल्टेज वाढवण्याचा आहे, पण करंट न वाढवता. पुरवठा २४ व्होल्ट करून प्रत्येक कॉइलला ३० ओहमचा रेझिस्टर जोडला तर करंट ०.४ अँपिअरच राहतो, पण चढायचा वेळ निम्मा होतो. हजार पावलांवरचे ३७ टक्के ५७ होतात. किंमत म्हणजे तो रेझिस्टर पूर्ण करंटला जवळजवळ पाच वॉट उष्णता टाकतो, हात लावू नका. प्रिंटरमधले ड्रायव्हर हेच काम रेझिस्टरशिवाय करतात: जास्त व्होल्टेज लावायचा आणि करंट भरला की तो झटपट चालू-बंद करून तिथेच राखायचा.

मोटर ज्या वेगाने चालू शकते त्या वेगाने ती सुरू होऊ शकतेच असं नाही. थांबलेल्या रोटरला पहिल्या एक-दोन पावलांतच तो वेग गाठावा लागतो, आणि त्याच्यासोबत पुली, पट्टा, गाडा यांचं वजनही असतं. ५५५ चा पॉट आधीच वर ठेवून वीज दिली तर मोटर नुसती गुणगुणते आणि दांडा थरथरतो. तोच पॉट खालून हळूहळू वर नेला तर ती त्याच वेगाला निमूट पोचते. प्रिंटरमधली प्रवेगाची सेटिंग म्हणजे हा हळू फिरवलेला पॉटच. नग मधूनच सरकला तर आधी प्रवेग उतरवून बघायचा, वेग नंतर.

मात्र हळू चालणं नेहमीच सुरक्षित नसतं. दर पावलाला रोटर थोडा पुढे जाऊन मागे झुलतो. ठोके नेमके त्या झुलण्याच्या तालावर पडले तर बिनवजनाची मोटरही खडखडते आणि पावलं सोडते. दांड्यावर थोडं वजन आलं की ती शांत होते.

चुकलेली पावलं पकडायला दांड्यावर कागदाचा बाण चिकटवून मागे रेघ मारायची. दोन हजार ठोके द्यायचे, म्हणजे दहा फेरे. बाण रेघेवर परतला तर ठीक. ७.२ अंशांच्या पटीत मागे राहिला तर पावलं चुकली, मग वेग, प्रवेग किंवा वजन कमी करायचं. भलताच कोन आला तर मोटरला दोष देऊ नका, बाणाचा डिंक सुटला का ते बघा. प्रिंटरवरही असंच. ०.८ च्या पटीत सरकलं तर मोटर, २ च्या पटीत सरकलं तर पट्ट्याने दाता सोडला, म्हणजे तो सैल आहे. ४ मिलिमीटर आलं तर दोघांवरही संशय घ्यावा लागतो. आणि ०.५ किंवा १.१ असं काही आलं तर सेटिंगला हात न लावता ॲलन की घ्यायची आणि पुलीचा ग्रब स्क्रू आवळायचा.