शेजारणीचा प्रश्न

विदर्भात शाळा उशिरा उघडतात. २०२५ साली बाकीच्या महाराष्ट्रात १६ जूनला घंटा झाली, आमच्याकडे २३ जूनला. कारण ऊन. पण उन्हातून सुटलेली ही तारीख नेमकी पेरणीत येऊन पडते. वडनेर म्हणजे हिंगणघाट तालुक्याचा कापसाचा मुलूख. त्या दिवसांत सकाळी सातनंतर गावात धडधाकट माणूस सापडणं कठीण. बाया सरकी टोबायला गेलेल्या असतात, आणि एक दिवस चुकला की रोजी बुडते. अशा दिवशी पालकांना शाळेत बोलवायचं, त्यांचं स्वागत करायचं आणि वर त्यांना म्हणायचं, विचारा काय विचारायचं ते.

इथल्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका हे काम कसं करतात, ते पाहायला मी आदल्या दिवशीच गेलो होतो. रविवारची दुपार होती. मॅडम व्हरांड्यात बसून भाषण लिहीत होत्या. लिहीत कसल्या, खोडत होत्या. वहीचं एक पान भरलेलं आणि त्यातल्या निम्म्या ओळींवर रेघा. ‘शिस्त’, ‘नियमितता’, ‘पालकांनी लक्ष द्यावे’ ही वाक्यं गेलेली. मी विचारलं, ही का काढली? त्या म्हणाल्या, “पहिल्याच दिवशी पाच वेळा ‘करू नका’ ऐकलं, की सहाव्यांदा माणूस तोंड उघडत नाही. मी त्याला आधीच चुकीचा ठरवून ठेवलं असतं ना.”

हे मला फार पटलं, कारण मी स्वतः ते भोगलेलं आहे. माझा मुलगा पहिलीत गेला तेव्हा एका शाळेत असंच स्वागत होतं. शेवटी “काही शंका?” असं विचारलं गेलं. मी उठून विचारलं, लघवीला जायची मोकळीक कितीदा असते? सभागृह हसलं आणि उत्तर आलं, “ते ऑफिसात भेटून विचारा.” मी ऑफिसात गेलो नाही. पुढची चार वर्षं त्या शाळेत मी एकही प्रश्न विचारला नाही.

सोमवारी पहिला आठवडा म्हणून सकाळची शाळा होती. प्रवेशोत्सवाचा ठरलेला थाट झालाच: तोरण, फुगे, नव्या पुस्तकांचे गठ्ठे, गुलाबाची फुलं. पहिलीच्या लेकरांचे पाय कुंकवाच्या पाण्यात बुडवून कोऱ्या कागदावर ठसे घेतले. एक मुलगा कागदावर पाय टेकवेना. त्याच्या आजीनं स्वतःची चप्पल काढली, आपला भेगाळलेला पाय आधी पाण्यात बुडवला आणि कागदावर ठेवला. मग त्यानं शेजारी आपला ठेवला. मॅडमनी तो कागद बदलला नाही. दोन्ही ठशांखाली नाव एकाच लेकराचं लिहिलं.

आणि भाषणाची सुरुवात त्यांनी तिथूनच केली, वहीतून नव्हे. “आज इथं आजी आल्या आहेत, मावश्या आल्या आहेत, एक मोठा भाऊ आला आहे. आई-बाप वावरात आहेत हे मला ठाऊक आहे. लेकराचा हात धरून जो आला तो आमचा पालक. त्यानं विचारलेला प्रश्न आईनंच विचारला असं मी धरते.” पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांवर गावातली चार वजनदार माणसं होती. त्यांचं स्वागत एका वाक्यात झालं. मागं सतरंजीवर बसलेल्या बाया तोवर पदर सावरत एकमेकींकडे बघत होत्या. त्या वाक्यानंतर दोघीतिघी जरा पुढं सरकल्या.

सगळं स्वागत मिळून नऊ-दहा मिनिटांचं असेल. त्यात वर्गशिक्षिका कोण, शाळा किती वाजता सुटते, दुपारचं जेवण कधी, आणि लेकरू रडलं तर शाळा काय करते, एवढंच. रडण्याबद्दल त्या सविस्तर बोलल्या. पहिले तीन-चार दिवस आजीनं वर्गाच्या दाराशी बसलेलं चालेल. पण “मी इथंच आहे” म्हणून गुपचूप निघून जायचं नाही, “जाते, जेवणानंतर येते” असं सांगून जायचं. खोटं बोलून गेलेल्या माणसाची वाट पाहत लेकरू दिवसभर दाराकडंच बघत राहतं. माइक होता, पण त्यांनी तो बाजूला ठेवला. माइकवरून स्वागत होतं, त्या म्हणाल्या, पण माइक हातात दिला की प्रश्न मरतो.

आता प्रश्नांची पाळी. इथं बहुतेक सभा बसते. “काही प्रश्न?” असं म्हटलं की कौलांवरचा कावळा ऐकू येतो, दहा सेकंदांत विचारणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं आणि तो आभारप्रदर्शनाकडे वळतो. नंतर तेच प्रश्न फाटकापाशी कुजबुजत बाहेर पडतात. फाटकापाशी गर्दी रेंगाळली, की समजावं आत प्रश्नांना जागा मिळालेली नव्हती. बाईमाणसाला चारचौघांत प्रश्न विचारणं म्हणजे आपलं अज्ञान उघडं करणं वाटतं. त्यात भाषेचा अडसर. शाळेतली भाषा पुस्तकी, घरची वेगळी. “लेकराले” म्हटलं तर हसतील, ही धास्ती मनात असते.

मॅडमनी प्रश्न मागितलेच नाहीत. त्या म्हणाल्या, “शेजारी बसलेल्या बाईकडं वळा. तिच्या मनात काय आहे ते तिला विचारा. मग तिचा प्रश्न तुम्ही मला सांगा. स्वतःचा सांगायचा नाही.” आणि त्या गप्प राहिल्या. मी घड्याळ पाहिलं, तीन मिनिटं. पहिलं मिनिट नुसता खसखसाट, मग माना जवळ आल्या, आवाज वाढत गेला. एवढा साधा डाव, पण त्यानं सगळं सुटलं. प्रश्न शेजारणीचा, त्यामुळे लाज कुणाचीच नाही. फळ्याशी एक शिक्षक खडू घेऊन उभे राहिले आणि प्रत्येक प्रश्न बोलणाऱ्या बाईच्याच शब्दांत लिहिला. “लेकराले” आलं तर फळ्यावरही “लेकराले”.

पहिला प्रश्न एका तरुण सुनेनं उठून सांगितला. “हिचं म्हणणं हाय का, पोरगी जन्मली तवा दाखला काढलाच नाई. आता शाळेत घेता का नाई?” मॅडमनी सांगितलं, घेतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १४ व्या कलमाप्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून कुठलीच शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. अंगणवाडीच्या नोंदीवरून वय धरता येईल, आणि दाखला मिळवायला शाळा अर्ज लिहून देईल. मग त्यांनी त्या शेजारणीला विचारलं, “पोरगी आज आली आहे का?” आली होती. तिचा पायाचा ठसा तेव्हाच घेतला.

दुसरा प्रश्न जेवणाचा. खिचडी पोटभर देता की वाटीभर? हिशेब सरळ आहे: पाचवीपर्यंतच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ येतो. पण आकडा सांगितला तर पोट किती भरतं हे आजीला कळत नाही. मॅडमनी स्वयंपाकीण ताईंना बोलावून कच्चा तांदूळ मोजून ताटात ओतायला लावला. दोन मुठींच्या आसपास ढीग. “शिजल्यावर एवढा फुगतो,” ताईंनी हातानंच दाखवलं. एका आजींनी ताट हातात घेऊन वजन पाहिलं आणि शेजारणीकडे सरकवलं. ताट अख्ख्या सतरंजीवर फिरून आलं.

तिसरा प्रश्न रस्त्याचा होता आणि त्याला उत्तर नव्हतं. वडनेर नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. पलीकडच्या बाजूची लेकरं तो ओलांडून येतात. “ट्रक थांबत नाई, मॅडम. लेकरू थांबंल काय?” पुढच्या खुर्चीतून एक गृहस्थ “आम्ही वर पत्र देऊ” म्हणाले. मॅडमनी त्यांना मान दिला, पण प्रश्न तिथं संपू दिला नाही. पत्राला महिने लागतील, लेकरं उद्या यायची आहेत. मग सकाळी पलीकडून येणाऱ्या घरांची नावं फळ्यावर लिहिली. कोण कोणाला घेऊन येईल ते तिथंच ठरलं. सुटताना एक शिक्षक रस्त्यापर्यंत जाणार हेही. आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं, “यानं धोका संपत नाही. कमी होतो.” भाषणात आश्वासनं भरपूर असतात, अशा वाक्याची जागा मात्र फार थोड्यांना सापडते.

शेवटचा प्रश्न मला वाटलं तसा पुढच्या खुर्च्यांतून आला नाही. तो मागून आला, त्याच पाय बुडवणाऱ्या आजीकडून. “हिच्या घरी टीव्हीवर सांगतात का पहिलीपासून हिंदी लावली. पोट्ट्याले मराठीच येत नाई धड. मंग कसं?”

तो आठवडा तसाच होता. १६ एप्रिलच्या शासन निर्णयानं पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची झाली होती. गदारोळ झाल्यावर १७ जूनला तो बदलला: सर्वसाधारणपणे हिंदी, पण वर्गातल्या किमान २० मुलांनी दुसरी भारतीय भाषा मागितली तर ती. बाजूचे शिक्षक अस्वस्थ झाले. हा विषय टाळावा असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मॅडमनी टाळला नाही. त्या म्हणाल्या, “आज सोमवारी आमच्याकडं जो कागद आहे त्यात असं असं लिहिलं आहे. हा कागद दोन महिन्यांत एकदा बदलला आहे, परत बदलू शकतो. बदलला की मी फाटकाजवळच्या फळ्यावर लिहीन. आणि काहीही झालं तरी पहिले दोन महिने तुमच्या पोराशी आम्ही तुमच्याच बोलीत बोलणार.” आजींनी मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही, पण आपलं ऐकून घेतलं गेलं असं त्यांना वाटल्याचं दिसत होतं.

आठच्या आत सभा मोडली. फाटकापाशी कुणी थांबलं नाही. सगळ्या वावराकडे निघाल्या.

२९ जूनच्या रविवारी सरकारनं दोन्ही शासन निर्णय रद्द केले आणि नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायचं जाहीर केलं. सोमवारी मी मुद्दाम पुन्हा वडनेरला गेलो. फाटकाच्या फळ्यावर मॅडमचं वळणदार अक्षर होतं: ‘तिसऱ्या भाषेचे दोन्ही निर्णय रद्द. सध्या पूर्वीसारखेच.’ आजी नातवाला सोडून तिथंच उभ्या होत्या; चौथीतल्या एका मुलीकडून त्यांनी ते वाचून घेतलं, दोनदा. त्याच्या खाली, वेगळ्या आणि जरा तिरक्या अक्षरात, कुणीतरी खडूनं लिहिलं होतं: ‘फाटकात पाणी साचते. लेकराईचे पाय भिजते. काय करनार?’