भार नसतानाचा ताण

पोलादी ट्रसमधला एक चौकोन घ्या: बाजू 3 मीटर, दोन्ही कर्ण जोडलेले, प्रत्येक दांडीचा छेद 1000 चौरस मिलिमीटर. एक कर्ण 3 मिलिमीटर आखूड निघाला आणि फिटरने तो ओढून बसवला. वर काहीच भार नाही, तरी त्यात सुमारे 41 किलोन्यूटन, म्हणजे चार टनांहून जास्त ताण येतो. गंमत अशी की दुसऱ्या कर्णातही तेवढाच ताण, आणि चारही बाजूंत 29 किलोन्यूटन दाब. दुसरा कर्ण नसता, तर चौकोन किंचित तिरका होऊन मोकळा झाला असता. बरोबर मापाचा कर्ण एकटाच 40 अंशांनी तापला, तर उलट त्यात 28 किलोन्यूटन दाब येतो. सगळ्या दांड्यांचा छेद दुप्पट करूनही सुटका नाही; ही बळंही दुप्पट होतात.