जुनी कार बघायला निघताय? आधी फोनवर एवढं विचारून घ्या

मोबाईलवर जाहिरात दिसते, फोटो चकाचक असतात, भाव परवडणारा वाटतो. मग दोघं-तिघं मिळून भाड्याची गाडी करून शहर गाठतात आणि तिथे कळतं की कागदच अडकलेत. दिवस आणि पैसे दोन्ही वाया जातात. हे फोनवरच टाळता येतं.

पहिला प्रश्न : आरसी कोणाच्या नावावर आहे? "मित्राची आहे", "घेतली पण नावावर केली नाही" असं उत्तर आलं तर थांबा. गाडी नावावर करताना फॉर्म २९ आणि ३० वर आरसीतल्या मालकाचीच सही लागते. तो मालक व्यवहाराला हजर राहणार असेल तरच पुढे बोला.

दुसरा प्रश्न : आरसीवर बँकेचा बोजा आहे का? इथेच जास्त घोळ होतो. "कर्ज कधीच फिटलंय," असं विकणारा सांगतो आणि ते खरंही असतं. पण सातबाऱ्यावरचा सोसायटीचा बोजा जसा आपोआप उतरत नाही, तसंच आरसीचं आहे. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओत दिल्यावरच बोजा निघतो.

समजा, बार्शीच्या एकाला पुण्यातली २०१३ ची गाडी आवडली. हप्ते २०१८ मध्ये फिटले, पण मालकाने बोजा उतरवलाच नाही. बँकेची एनओसी ठराविक मुदतीपुरतीच चालते, त्यामुळे त्याला आता नवी काढावी लागेल. अशा वेळी "बोजा उतरवा, मग येतो," असं सरळ सांगावं. शिवाय खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे ही गाडी २०२८ मध्ये पुन्हा पासिंगला न्यावी लागेल. भाव ठरवताना हे धरा.

तिसरं : गाडीचा नंबर मागा. mParivahan ॲपवर तो टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि बोजाची नोंद बघता येते. विकणाऱ्याने सांगितलेलं त्याच्याशी जुळवून बघा. नंबरच द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल तर जाऊ नका. नंबर एमएच सोडून दुसऱ्या राज्याचा असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स हा वेगळा खर्च येतो.

चौथं : अपघात झालाय का, सर्व्हिसची बिलं आहेत का? बिलावर त्या तारखेचं किलोमीटर लिहिलेलं असतं. जुन्या बिलावर ८५ हजार आणि आज मीटरवर ६० हजार, म्हणजे मीटर मागे फिरवलंय. बिलांचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवा.

सगळं जुळलं तर निघताना एवढंच सांगा, "आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." आधीच गरम केलेल्या इंजिनात सकाळचा स्टार्टिंगचा त्रास आणि धूर लपून जातो. गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा. आणि गाडी, मूळ आरसी व मालक समोर दिसेपर्यंत टोकन म्हणून एक रुपयाही फोनवरून पाठवू नका.