बोरॉन का मागे पडतो : जुन्या प्रश्नपत्रिकांतून अपवादांचे पाठांतर

आवर्तसारणीत डावीकडून उजवीकडे जाताना अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढण्यासाठी लागणारी ऊर्जा, म्हणजेच प्रथम आयनन ऊर्जा, साधारणपणे वाढत जाते. दुसऱ्या आवर्तात मात्र हा क्रम दोनदा मोडतो. बेरिलिअमची आयनन ऊर्जा मोलमागे सुमारे 899 किलोज्यूल, तर पुढच्या बोरॉनची 801. नायट्रोजनची 1402, तर ऑक्सिजनची 1314. नीट, जेईई आणि सीईटीची तयारी करणाऱ्यांना जुन्या प्रश्नपत्रिका चाळताना याच दोन जोड्या पुन्हा पुन्हा भेटतात.

असा प्रश्न दुसऱ्यांदा दिसला की उत्तराच्या पर्यायावर खूण करून पुढे जाण्यापेक्षा त्याखाली तीन ओळी लिहाव्यात: नियम, तो कुठे मोडतो आणि का मोडतो. तिसरी ओळ सर्वांत मोलाची. बोरॉनचा बाहेरचा इलेक्ट्रॉन 2p कक्षकात असतो. बेरिलिअमच्या 2s मधील इलेक्ट्रॉनांपेक्षा त्यावर केंद्रकाची पकड सैल असते. नायट्रोजनचे तीन p इलेक्ट्रॉन तीन कक्षकांत एकेक बसलेले असतात. ऑक्सिजनचा चौथा इलेक्ट्रॉन अर्धभरलेल्या कक्षकात जोडीने बसतो, त्याला प्रतिकर्षण सोसावे लागते आणि म्हणून तो लवकर सुटतो.

हे कारण पक्के असेल तर तिसऱ्या आवर्तासाठी वेगळे पाठांतर लागत नाही. सोडिअम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम, सिलिकॉन यांचा क्रम विचारला तर ॲल्युमिनिअम मॅग्नेशिअमच्या मागे जातो. तसेच गंधक फॉस्फरसच्या किंचित मागे पडते.

नुसता क्रम घोकणारा फसतो तो द्वितीय आयनन ऊर्जेच्या प्रश्नात. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि फ्लुओरीन यांचा चढता क्रम विचारला की पाठ केलेली साखळी चालत नाही. इथे आधी प्रत्येकाचा एक इलेक्ट्रॉन काढून उरलेल्या आयनाची रचना लिहावी लागते. O⁺ मध्ये 2p³ उरते, म्हणजे नायट्रोजनची अर्धभरित स्थिरता आता ऑक्सिजनकडे येते. F⁺ मध्ये 2p⁴ असते. त्यामुळे क्रम लागतो तो कार्बन, नायट्रोजन, फ्लुओरीन, ऑक्सिजन असा. शेवटच्या दोघांतला फरक अगदी थोडा, 3374 आणि 3388, पण पर्यायांत नेमका तोच तपासला जातो.

पाठांतर खरे आहे की नाही हे कळण्यासाठी जुनाच प्रश्न उत्तर झाकून आणि 'प्रथम'च्या जागी 'द्वितीय' घालून सोडवावा. अडखळायला झाले तर तिसरी ओळ कच्ची आहे असे समजावे.

सगळे अपवाद या एकाच कारणात कोंबणे मात्र चूक. क्लोरीन इलेक्ट्रॉन स्वीकारताना फ्लुओरीनपेक्षा जास्त ऊर्जा सोडतो. फ्लुओरीनचा अणू फार लहान असल्याने नव्या इलेक्ट्रॉनला आतल्या गर्दीचे प्रतिकर्षण जास्त होते, हे त्याचे कारण. गॅलिअमचा अणू ॲल्युमिनिअमपेक्षा किंचित लहान असतो. तिथे मधल्या d इलेक्ट्रॉनांचे दुबळे आच्छादन कारणीभूत असते. म्हणून वहीत पाने मूलद्रव्यांच्या नावाने न पाडता कारणांच्या नावाने पाडावीत आणि वारंवार येणारा प्रत्येक प्रश्न आपापल्या कारणाखाली नोंदवावा.